रोडग्याच्या दिवशी बोलायचे दोन शब्द

ताई, आमचं गाव दारव्हा तालुक्यातलं. आबाजींना तीन मुलं: मोठेबाबा, माझे बाबा आणि काका. 2014 साली वाटण्या झाल्या. विहीर मोठेबाबांच्या वाट्यात आली, पाणी तिघांचं ठरलं. पुढे पाण्याची पाळी आणि धुरा यांवरून मोठेबाबा आणि काकांचं वाजलं. 2017 पासून दोन्ही घरं बोलत नाहीत, कोर्टात दावा चालू आहे. मी आठवीत असताना आबाजींना रात्री नाल्याच्या पुरातून दवाखान्यात न्यावं लागलं. काकांनी बैल धरले, मोठेबाबांनी आबाजींना पाठीवर घेतलं, बाबा कंदील घेऊन पुढे होते. परत आल्यावर काकूनं मोठेबाबांच्या पायातला काटा काढला. त्याच रात्री आजीनं मारोतीला दरसाल रोडग्यांचा नवस बोलला. भांडणानंतर रोडगे बंद पडले. आजी दोन वर्षांपूर्वी गेली. येत्या माघात आत्यानं रोडगे करायचं ठरवलं आहे आणि दोन्ही घरं येतो म्हणाली आहेत. आत्या म्हणते, तू मधल्या घरचा, तू दोन शब्द बोल. मोठेबाबांनी आम्हा नऊ भावंडांना विहिरीत पोहायला शिकवलं होतं, तिथून सुरुवात करू का? आणि शेवटी दोघांना गळाभेट घ्यायला सांगू का?
मधल्या घरचा मुलगा, वय 34

भाऊ, विहिरीपासून सुरुवात करू नका आणि गळाभेट तर मुळीच सांगू नका. दोन्हींची कारणं सांगते, पण आधी माझ्या हातून घडलेलं सांगते, कारण तुमचं पत्र वाचताना मला तेच डोळ्यांसमोर दिसत होतं.

माझं माहेर अमरावती जिल्ह्यातलं. आमच्याकडेही दोन घरांत असाच अबोला होता. चुलतबहिणीच्या साक्षगंधाला सगळे जमले होते. मी शिक्षिका, बोलायची सवय, म्हणून उभी राहिले. पंधरा मिनिटं बोलले असेन. रक्ताचं नातं, आईवडिलांचे संस्कार, पुढच्या पिढीनं काय शिकायचं, सगळं बोलून झालं. शेवटी दोघा काकांना म्हटलं, आता सर्वांसमोर गळ्यात पडा. एक काका उठून पुढे आले, हात पसरून उभे राहिले. दुसरे जागचे हलले नाहीत. खाली मान घालून टोपीची घडी करत बसले, मग उठून मांडवाबाहेर निघून गेले. मुलाकडची माणसं बघत होती. हात पसरून उभे राहिलेल्या काकांचा तो चेहरा मी कधी विसरणार नाही. त्या दिवसाआधी दोन्ही घरांत फक्त वाद होता, त्या दिवसानंतर अपमानही झाला, आणि तो माझ्यामुळे झाला. पुढची चार वर्षं त्यात गेली.

तेव्हा मला एक गोष्ट समजली नव्हती. जमलेल्या माणसांसमोर म्हाताऱ्या माणसाला काहीतरी करायला सांगणं म्हणजे त्याला कोंडीत पकडणं. तो हो म्हणाला तर त्याच्या घरातली पोरं म्हणतात, बाबा नमले. नाही म्हणाला तर गाव म्हणतं, यालाच भांडण हवं आहे. गळाभेट मनातून झाली तर ती बहुधा गोठ्यात होते, दवाखान्याच्या बाकावर होते, कोणी बघत नसताना होते. भाषणानं ती घडवून आणता येत नाही.

भाषणानं काय करता येतं ते त्या चार वर्षांत कळलं. वाद कागदावर धुऱ्याचा असतो, पाण्याचा असतो. नांगराचं एक तास इकडे सरकलं, मोटर दोन तास जास्त चालली. पण नुसत्या तेवढ्यासाठी माणूस आठ वर्षं अबोला धरत नाही. खाली दुसरंच काहीतरी सलत असतं आणि ते बहुतेक वेळा मानाचं असतं. आमच्याकडे एका घराचं दुखणं असं निघालं की मुलीच्या लग्नपत्रिकेत निमंत्रक म्हणून थोरल्या भावाचं नावच छापलं नव्हतं, आणि पत्रिकाही घरचं कोणी न येता एका पोराच्या हाती पाठवली होती. दुसऱ्या घराचं दुखणं असं की त्यांच्या बैलाला साप चावला त्या रात्री शेजारच्या घरातून कंदील घेऊन कोणी बाहेर आलं नाही. ह्या दोन्ही गोष्टी दाव्यात कुठेच नव्हत्या आणि वकिलालाही ठाऊक नव्हत्या. धुरा सरकवणं तुमच्या हातात नाही, पण गेलेला मान परत देण्याची सुरुवात तुम्हाला करता येईल.

म्हणून रोडग्यांच्या आधी दोन-तीन आठवडे दोन्ही घरी जाऊन या. आधी मोठेबाबांकडे जा, कारण ते वयानं मोठे. काकांकडे त्याच दिवशी जा, दुसऱ्या दिवसावर ठेवू नका. एक रात्र मध्ये गेली की काकांच्या कानावर तुमच्या आधी दुसऱ्याच कोणाकडून गोष्ट जाते. एकटे जा. चहा होऊ द्या, पऱ्हाटी कशी आहे, तुरीला काय भाव मिळाला, हे होऊ द्या. मग विचारा: मोठेबाबा, त्या वेळी काय व्हायला पाहिजे होतं? कोणाचं चुकलं असं विचारू नका, त्याचं उत्तर तुम्हाला आधीच ठाऊक आहे आणि दोन्ही घरांत ते उलटसुलट मिळेल. काय व्हायला पाहिजे होतं, असं विचारलं की माणूस थांबतो, आणि मग पत्रिकेचं निघतं, बैलाचं निघतं, कोणाच्या तेरवीला कोण शेवटच्या ओळीत बसलं होतं ते निघतं. ऐका, वहीत लिहू नका, मध्ये समजावू नका. मोठीआई आणि काकू यांच्याशीही स्वयंपाकघरात बसून बोला. घरात पुरुषांचा अबोला जावा सांभाळतात आणि मोडतातही त्याच. माझ्या माहेरी अबोल्याच्या काळातसुद्धा दोन्ही जावा नदीवर एकमेकींना पदर सावरताना दिसल्या तर एक जण थांबायची, दुसरी पुढे गेली की मग निघायची. ते थांबणं मी खूप उशिरा ओळखलं.

त्याच भेटीत पुराच्या रात्रीचंही विचारा, दोघांना वेगवेगळं. तुम्ही तेव्हा आठवीत होता. तुम्हाला बैल काकांनी धरलेले आठवतात आणि मोठेबाबांना ते आपल्याच गड्यानं धरलेले आठवत असतील, तर ती आठवण पारावर बोलली की तिथेच नवं भांडण उभं राहील. दोन्हीकडून सारखी आली तेवढीच ठेवा, बाकीची गाळा.

आता विहिरीचं. नऊ पोरं विहिरीत उड्या मारतायत, मोठेबाबा काठावर उभे, आठवण गोड आहे यात शंकाच नाही. पण वाद ज्या वस्तूचा आहे तिचं नाव गोड आठवणीतही येऊ देऊ नये. तुम्ही विहीर म्हणालात की मोठेबाबांच्या पोरांना ऐकू येईल, पहा, विहीर आमचीच होती. काकांना ऐकू येईल, हा त्यांच्या बाजूनं बोलतोय. शिवाय त्या आठवणीत मोठेबाबा काहीतरी देतात आणि काका कुठेच नाहीत. पुराच्या रात्रीत मात्र प्रत्येकाच्या वाट्याला एकेक काम आहे. एकानं बैल धरले, एकानं पाठीवर घेतलं, एकानं कंदील दाखवला, काकूनं काटा काढला. कोणाचंही काम दुसऱ्यापेक्षा मोठं नाही आणि एकाचंही काढून घेतलं असतं तर आबाजी दवाखान्यात पोचले नसते. ते तुम्ही बोलून दाखवू नका, त्यांचं त्यांना कळू द्या. मला सगळ्यांत जास्त तो काटा आवडला, कारण काकू आणि मोठेबाबा यांच्यामधली ती गोष्ट दोघं विसरले असतील आणि तुम्ही आठवीतल्या पोरानं पाहून ठेवलेली आहे.

आजीच्या नावानं काही मागू नका. आजी वरून पाहते आहे, तिच्या आत्म्याला शांती मिळू द्या, असं म्हणायचा मोह होतो. गेलेल्या माणसाच्या तोंडी आपलं म्हणणं घातलं की ऐकणाऱ्याला उत्तर देता येत नाही आणि मनातून राग येतो. आजी काय करायची तेवढं सांगा. मारोतीची आणही घालू नका.

आणि एक अवघड गोष्ट. तुम्ही स्वतःला मधल्या घरचा म्हणता, आत्याही म्हणते. पण मधलं घर खरंच मधलं असतं का, हे बाबांना विचारा. मी पाहिलेल्या प्रत्येक भाऊबंदकीत मधलं घर दोन्हीकडे जेवत होतं आणि इकडचं तिकडे पोचवत होतं. वाईट हेतूनं नाही. चहा घेता घेता बोलणं निघतं, दुसऱ्या दिवशी ते दुसऱ्या ओसरीवर सांगितलं जातं, आणि सांगताना त्याला थोडी धार येते. हे तुमच्याही घरात झालं असेल तर भाषणात तेवढीच चूक कबूल करायची, आपल्या घरची. दुसऱ्या कोणाच्याही घरची नाही. मात्र बाबांनी स्पष्ट हो म्हटल्याशिवाय ते वाक्य घेऊ नका. ते नको म्हणाले तर वाक्य काढा आणि भाषण तेवढं छोटं होऊ द्या.

भाषण वऱ्हाडीत करा. तुम्ही शहरात नोकरी करत असाल, मंचावर प्रमाण भाषेत बोलायची सवय असेल. पण पारावर प्रमाण भाषा आली की मोठेबाबांना वाटेल, साहेब बोलतोय. गाडगेबाबांनी आपल्याच भागातून निघून महाराष्ट्रभर कीर्तनं केली ती ह्याच बोलीत, लोकांना साधे प्रश्न विचारत. घरच्या माणसांशी घरचीच बोली हवी. मी तुमच्या पत्रावरून एक मसुदा करून देते. माझी बोली अमरावतीकडची आहे, तुमच्या गावात जो शब्द जसा म्हणतात तसा तो बदलून घ्या.

"राम राम. थांबजा बाप्पा सगळे, दोनच मिनिटं घेतो.

मोठेबाबा, मोठीआई. बाबा, आई. काका, काकू. आत्या. अन् सगळे दादा, वहिनी, ताई, लेकरं.

हे रोडगे आजीचे हायेत. तिनं नवस बोलला ती रात मले आठवते. मी आठवीत होतो. पानी लय होतं, नाल्याले पूर होता. बंडी नाल्याच्या अल्याडच थांबली. काकानं बैलायचे कासरे धरून ठेवले. मोठेबाबानं आबाजीले पाठीवर घेतलं अन् नाला वलांडला. बाबा कंदील घेऊन पुढं होते. मी आजीच्या लुगड्याले धरून दारात उभा होतो. मोठेबाबा, तुमी वापस आले तवा तुमच्या पायात काटा मोडला होता. काकूनं चुलीजवळ बसून तो सुईनं काढला. मी पाह्यलं हाय.

आता आमच्या घरचं सांगतो, बाबाले इचारून सांगतो. ह्या वर्सांयत आमचं घर दोन्हीकडं जात होतं. तिकडं गेलो तं तिकडच्यावानी बोललो, इकडं आलो तं इकडच्यावानी. इकडची गोठ तिकडं गेली ते आमच्या घरातून गेली. त्याच्यानं जे वाढलं ते आमचं चुकलं. मोठेबाबा, मोठीआई, माफ करजा. काका, काकू, माफ करजा.

वावराचं, पान्याचं मी काई बोलत नाई. त्याची ही जागा नोहे, अन् मी त्याच्यात लहान आहो.

माहं एकच मागनं हाय. आज कोनी डबा भरून घरी नेऊ नका. पाहुन्यायच्या पंगती उठल्या का शेवटची पंगत घरची. आजी असतानी बसत होती तशी, तिन्ही घरची. बोला नाईतं नका बोलू, पन जेवाले बसजा. वाढाले आमी पोरं आहो.

बोला, बजरंगबली की जय."

हे सावकाश म्हटलं तर दोन-अडीच मिनिटं लागतात. घड्याळ लावून आत्याला वाचून दाखवा. तीन मिनिटांच्या वर गेलं तर आठवण छोटी करा, माफीला हात लावू नका. नावं वयाच्या क्रमानं आणि जोडीनं घेतली आहेत, तो क्रम चुकवू नका. मोठीआईचं नाव राहिलं आणि काकूचं आलं, एवढ्यानंही दिवस वाया जातो. माफी मागताना मध्ये "पण" आला तर आधीचं सगळं पुसलं जातं, म्हणून तिथे "पण" कुठेच नाही. मसुद्यात "विसरून जा", "झालं गेलं" असंही काही नाही, कारण ज्याला लागलं आहे त्याला विसरायला सांगायचा अधिकार तुम्हाला नाही आणि मलाही नाही.

डब्याचं का घातलं, ते तुम्हाला ठाऊक असेलच. अबोल्यातलं घर कार्यक्रमाला येतं, दर्शन घेतं, प्रसाद म्हणून डब्यात रोडगे आणि वांग्याची भाजी घेतं आणि घरी जाऊन जेवतं. आलो होतो, असं म्हणायला मोकळं आणि एका पंगतीत बसलोही नाही. ती पळवाट तेवढी प्रेमानं बंद करायची. मागणं एवढंच ठेवलं आहे की ते नाकारायलाच जास्त कष्ट पडावेत. पंगतीत माणसं समोरासमोर नसतात, शेजारी शेजारी असतात, पत्रावळीकडे बघत जेवतात, एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. आठ वर्षांनी भेटणाऱ्या दोन भावांना त्याहून सोपी जागा मिळायची नाही. दोघांना अगदी लगटून बसवू नका, मध्ये बाबांना बसवा.

कधी बोलायचं, हे मला भाषणाइतकंच महत्त्वाचं वाटतं. रोडगे गोवऱ्यांच्या आरात असतात तेव्हा पुरुषमाणसं आराभोवती असतात, बायका भाजी-वरणाकडे, पोरं वावरात. तेव्हा बोलाल तर निम्मं घर ऐकणार नाही. पंगत बसल्यावर बोलाल तर आपल्याकडे पहिली पंगत पुरुषांची, मोठीआई आणि काकू तिथे नसतील, शिवाय रोडगा फोडून त्यावर तूप सोडलं की तो निवायच्या आत खायचा असतो, लोकांचं लक्ष हातातल्या घासाकडे. नैवेद्य दाखवून आरती झाली की मात्र बायका, पोरं, म्हातारे सगळे एका जागी, हात जोडून उभे असतात आणि पुजाऱ्याला प्रसाद वाटायचा असतो. ती दोन-तीन मिनिटं तुमची. आरतीनंतर लगेच, प्रसादाच्या आधी. सकाळची वेळ धरा, दुपार टळली की काही जण पिऊन आलेले असतात आणि एखादा मध्ये बोलतोच. माईक घेऊ नका. भोंगा लागला की घरची गोष्ट सगळ्या गावात जाते आणि मोठेबाबांना वाटतं, आपल्याला चव्हाट्यावर आणलं.

त्याच कारणासाठी सरपंच आणि तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष यांना जेवायला जरूर बोलवा, पण बोलायला उभं करू नका. 15 ऑगस्ट 2007 ला तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली तेव्हापासून गावात मिटवामिटवीची चांगली सवय लागली आहे, मी तिचा आदर करते. पण समिती आली की तंटा येतो, तंटा आला की दोन पक्ष येतात. रोडग्यांना तुम्हाला पक्ष नको आहेत, तीन घरं हवी आहेत. आणखी एक, दाव्यात आत्याचं नाव आहे का ते पाहून घ्या. बहिणींनाही पुष्कळदा पक्षकार केलेलं असतं. तसं असेल तर "आत्यानं मला बोलायला सांगितलं" हे वाक्य भाषणात येऊ देऊ नका.

पोरांना आधीच सांगा की मोबाईल खिशात राहतील. अर्ध्या मिनिटाची चित्रफीत संध्याकाळी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडते, त्यात फक्त "आमचं चुकलं" एवढंच ऐकू येतं आणि पुण्यातल्या, नागपुरातल्या भावंडांचे अंगठे सुरू होतात.

मध्येच कोणी तोंड उघडलं तर काय करायचं, हे ठरवून ठेवा. बहुधा म्हातारी माणसं बोलत नाहीत, त्यांची पोरं बोलतात. काकांचा मुलगा म्हणेल, मंग पानी काहून बंद केलं व्हतं? त्याला उत्तर द्यायचं नाही. उत्तर दिलं की भाषण संपलं आणि कोर्ट भरलं. "दादा, त्याचं बोलू, आज नाई" एवढं शांतपणे म्हणून थेट डब्याच्या वाक्यावर या, मधलं सोडून द्या. मोठेबाबा उठून चालू लागले तर त्यांच्या मागे जाऊ नका, नाव घेऊन हाक मारू नका. आत्याला आधी सांगून ठेवा, ती पाण्याचा तांब्या घेऊन जाईल आणि त्यांच्याजवळ उभी राहील, काही न बोलता. उठून गेलेला माणूस पाराच्या मागे लिंबाखाली उभा असतो, घरी गेलेला नसतो. माझ्या काकांच्या मागे त्या दिवशी आम्ही चौघं धावलो होतो, म्हणून ते घरी गेले.

भाषण झाल्यावर दोन्ही बाजूंची तोंडं बघत बसू नका, पत्रावळी मांडायला घ्या. काही लागलं की नाही ते शेवटच्या पंगतीत हळूहळू दिसेल. मोठीआईनं काकूकडे मीठ मागितलं. काकांनी, कोणाचंही नाव न घेता, "तिकडं वरण नाई पोचलं" असं म्हटलं. जेवण झाल्यावर एखादं घर लगेच न निघता गंज घासायला थांबलं. एवढ्यावर खूश राहा. काहीच दिसलं नाही, पण तिन्ही घरं पंगतीत बसून उठली, तरी माघातला दिवस कामी आला म्हणायचा. त्यावर लगेच दुसरं काही रचू नका. कोणीतरी उत्साही माणूस हमखास म्हणेल, चला, आत्ताच लिहून टाका, स्टॅम्प मी आणतो. त्याला थांबवा. जेवणाच्या गोडीत केलेली सही दुसऱ्या दिवशी मुलांना कळते आणि मोडते.

दाव्याचं पुढे दोन-तीन महिन्यांनी, त्यांच्याच तोंडून निघालं तर, वाट मोकळी आहे. वर्षातून काही वेळा भरणाऱ्या राष्ट्रीय लोकअदालतीत चालू दावा तडजोडीनं ठेवता येतो. दोघांच्या वकिलांनी अटी लिहायच्या, दोघांनी सही करायची. 1987 च्या कायद्याप्रमाणे तिथला निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो, त्यावर अपील नाही आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. अपील नाही, हे दोघांना आधी नीट समजावून सांगा. धुऱ्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी, दोघं हजर असताना, खुणा गाडून. पाण्याच्या पाळ्या तोंडी ठेवू नका, कोणाला कोणते वार आणि किती तास, विजेची वेळ बदलली तर काय, हे लिहा, आणि विहिरीच्या पाण्यातला तिघांचा हिस्सा सातबाऱ्यावर इतर अधिकारात नोंदलेला आहे ना, ते तलाठ्याकडे पाहून घ्या. 2014 ला ती नोंद राहिली असेल तर तुमचं निम्मं भांडण तिथूनच आलेलं असू शकतं.

माझ्या माहेरी शेवटी काय झालं, तेही सांगते. चार वर्षांनी महालक्ष्म्यांच्या जेवणाला मी पुन्हा बोलले, या वेळी दोन मिनिटं. साक्षगंधाला माझं चुकलं, एवढंच कबूल केलं आणि धाकट्या काकांची माफी मागितली. ते काही बोलले नाहीत. त्या वर्षी दिवाळीनंतर त्यांच्या नातीचं लग्न ठरलं. पत्रिका छापायला जाण्याआधी त्यांनी मुलाला कच्चा कागद घेऊन थोरल्यांच्या घरी पाठवलं, नाव कसं लिहायचं ते विचारायला. थोरल्यांनी चष्मा लावला, कागद वाचला, आपल्या नावातला एक ऱ्हस्व दीर्घ करून दिला आणि कागद परत केला.